एक प्रसंग, दोन निवेदक: लाखेच्या गोठांची गोष्ट दोनदा कशी लिहावी

एकच प्रसंग दोन पात्रांच्या तोंडून सांगायचं ठरवलं की बहुतेक लेखक आधी मतभेद शोधायला लागतात. एक म्हणतो पाऊस होता, दुसरा म्हणतो ऊन होतं. एकाच्या मते भांडण तिनं सुरू केलं, दुसऱ्याच्या मते त्यानं. असं लिहिलं की वाचक खरं-खोटं ठरवायला बसतो आणि माणसं बाजूला पडतात. माझं मत असं की दोन्ही निवेदकांनी आपापल्या समजुतीनं प्रामाणिकपणेच सांगावं, घडलं काय यावर त्यांचं जवळजवळ एकमत असावं, आणि तरीही एकाला जे सांगता येत नाही ते दुसऱ्याच्या बोलण्यातून सहज बाहेर पडावं. दादाचं गुपित बहिणीच्या गोष्टीत आणि बहिणीचं दादाच्या गोष्टीत. हे साधायचं कसं, ते एकाच उदाहरणावर पायरीपायरीनं बघू.

प्रसंग असा. बार्शी, २०११ चा पावसाळा. ऐंशीच्या घरातल्या आक्का आपल्या हातातले लाखेचे गोठ मोडायला सराफाकडे जातात. सोबत मुलगा दत्ता, एसटीत कंडक्टर, आणि लातूरला दिलेली मुलगी शैला, घरी ब्लाउज शिवते. पैसे हवे आहेत दत्ताच्या मुलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी. गोठ मोडायचं आक्कांनीच सुचवलं आहे.

प्रसंग निवडताना

प्रसंग लहान घ्या, अर्ध्या-पाऊण तासाचा. लग्न, दंगल, वाटणीचा अख्खा दिवस असं मोठं काही घेतलं तर दोघांना सांगायला वेगवेगळे तुकडे मिळतात आणि तुलना करायला जागाच राहत नाही. दोघंही तिथं हजर हवेत, आणि मध्ये एखादी हाताला लागणारी वस्तू हवी. वस्तू असली की प्रत्येक जण तिच्याकडे कसं बघतो हे आपोआप कळतं.

गोठ मी मुद्दाम निवडले. लाखेच्या गोठात आत लाख असते आणि वर सोन्याचा पत्रा. तराजूत पडणारं वजन हे सोन्याचं वजन नसतं. सोनं किती ते कळायला गोठ कापून लाख काढावी लागते, आणि एकदा कापला की तो परत हातात घालता येत नाही. म्हणजे प्रसंगात एक क्षण असा आहे की त्याच्या आधी माघार घेता येते आणि नंतर येत नाही. तुमच्या प्रसंगात असा क्षण कोणता, हे आधी ठरवा. तो नसेल तर दुसरी गोष्ट निवडा, कारण माणसं आपल्या आठवणीत सगळ्यात जास्त फेरफार याच क्षणाभोवती करतात.

आधी पंचनामा

निवेदन लिहायला बसण्याआधी एका पानावर पंचनामा करा. त्यात भावना नाहीत, कारणं नाहीत, विशेषणं नाहीत. कोण कुठं बसलं, कोणत्या क्रमानं काय झालं, कोण नेमके कोणते शब्द बोललं, एवढंच. हे पान वाचकाला कधी दिसणार नाही, पण दोन्ही निवेदनं त्याच्याशी ताडून बघायची आहेत.

आपल्या प्रसंगाचा पंचनामा असा: सकाळी अकरा वाजता तिघं दुकानात. आक्का मधल्या खुर्चीवर. गोठ हातातून निघत नाहीत, दुकानातला मुलगा साबणाचं पाणी आणतो. उजवा निघतो. डावा शैला काढते. दोन्हींचं मिळून वजन ४८ ग्रॅम. सराफ आक्कांच्या मतदान कार्डाची झेरॉक्स मागतो. दत्ता उठतो. शैला म्हणते, ‘आहे माझ्याकडे.’ दत्ता पायऱ्या उतरतो. सराफ पहिला गोठ कापतो. चहा येतो. त्याच वेळी दत्ता परत दारात. दुसरा गोठ अजून अख्खा आहे. आक्का म्हणतात, ‘राहू दे.’ शैला विचारते, ‘एकाच गोठाचे किती होतील?’ सराफ सांगतो, ‘निम्मे.’ कोणी काही बोलत नाही. दुसरा गोठ कापला जातो. सोनं ३१ ग्रॅम, लाख १७. रोख ७०,४०० रुपये. दत्ता पैसे दोनदा मोजून आक्कांच्या हातात देतो, आक्का परत त्याच्या हातात देतात.

यात आक्कांचं ‘राहू दे’ मी मुद्दाम मोकळं सोडलं आहे. चहा राहू दे, की दुसरा गोठ राहू दे? पंचनाम्यात शब्द आहेत, अर्थ नाही. अशी एखादी जागा ठेवाच, पण एकच. दोन-तीन झाल्या की वाचकाला कोडं घातल्यासारखं होतं.

कोण कोणाला सांगतंय

इथं घाई करू नका. निवेदन म्हणजे माणूस हवेत बोलत नाही, तो कोणाला तरी सांगत असतो, आणि ऐकणारा बदलला की आठवणही बदलते. प्रत्येक निवेदकासाठी तीन गोष्टी लिहून काढा: ऐकणारा कोण, आत्ताच का सांगायचंय, आणि या माणसाला काय काही केल्या सांगता येणार नाही.

दत्ता आपल्या मुलाला, निखिलला सांगतो, त्याच दिवशी संध्याकाळी. कारण त्याला वाटतं, पैसा कसा आला हे पोराला कळलं पाहिजे. त्याला सांगता न येणारी गोष्ट: आईचे गोठ कापताना बघवणार नाही म्हणून तो बाहेर पडला, आणि परत आला तेव्हा एक गोठ वाचवता आला असता तरी तो गप्प राहिला.

शैला शाळेपासूनच्या मैत्रिणीला, मंदाला, फोनवर सांगते. कारण तिला दादावर रागवायचं आहे. तिला सांगता न येणारी गोष्ट: त्या दुकानात क्षणभर एक गोठ आपल्याला मिळेल अशी आशा तिच्या मनात आली होती.

बघा, दोघंही वाईट नाहीत. दोघांना लपवायचं आहे ते अगदी माणसासारखं आहे. सांगता न येणारी गोष्ट जर गुन्हा असेल, चोरी, फसवणूक, तर सगळं लक्ष त्या गुन्ह्याकडे जातं. लाज वाटावी एवढीच ती असावी.

पहिलं निवेदन

आता एका बैठकीत एकाचं लिहा. दत्ता असं सांगेल:

‘निखिल, पैसे कसे आले ते तुला माहीत असावं म्हणून सांगतो. आजीचे गोठ मोडले. आपण रेट आधीच बघून ठेवला होता. अकराला दुकानात गेलो. दोन्ही मिळून अठ्ठेचाळीस ग्रॅम भरले. सराफ म्हणाले, आत लाख आहे, कापल्याशिवाय सोनं कळत नाही. म्हटलं, कापा. आजीच्या मतदान कार्डाची झेरॉक्स पाहिजे म्हणाले, म्हणून मी बाहेर गेलो. पहिलं दुकान बंद. दुसरं उघडं, तर मशीन बिघडलेलं. तिसऱ्याकडं लाइट नव्हती, तिथं थांबावं लागलं. परत येईपर्यंत काम झालं होतं. चहा आला, आजी म्हणाली, राहू दे. तिला बाहेरचा चहा चालत नाही. एकतीस ग्रॅम सोनं निघालं. लाख मी वेगळी तोलायला लावली, सतरा. बेरीज जुळली. तुझ्या आत्यानं विचारलं, एकाच गोठाचे किती होतील? निम्मे, म्हणाले. ती हिशेबाला पक्की आहे. सत्तर हजार चारशे. मी दोनदा मोजले, आजीच्या हातात दिले, आजीनं माझ्या हातात दिले. पावती कपाटात आहे, आजीच्या नावाची.’

पहिल्या खर्ड्यात परत येण्याच्या जागी ‘माझ्यानं तिथं थांबवेना’ असं वाक्य होतं. ते काढलं. निवेदकानं स्वतःच कबुली दिली तर दुसऱ्या निवेदनाला काही काम उरत नाही. त्याऐवजी झेरॉक्सच्या तीन दुकानांचा तपशील वाढवला. एरवी हा माणूस शब्दसुद्धा मोजून वापरतो. मग झेरॉक्ससाठी एवढी वाक्यं का? सुट्या पैशांचा हिशेब रोज जुळवणारा माणूस अडचणीच्या जागी पुरावे देऊ लागतो, आणि त्यावरूनच वाचकाला शंका येते. ही युक्ती कुठल्याही पात्राला लागू पडते: कमी बोलणाऱ्याला चुकीच्या ठिकाणी जास्त बोलू द्या, आणि बडबड्याला नेमक्या जागी एका वाक्यात पुढं जाऊ द्या.

दुसरं निवेदन

पहिलं बाजूला ठेवून द्या. दुसरं लिहिताना ते समोर उघडं ठेवू नका, नाहीतर नकळत उत्तर-प्रत्युत्तर सुरू होतं. समोर फक्त पंचनामा.

‘मंदे, आईचे गोठ गेले गं. हातातून निघत नव्हते. दुकानातल्या पोरानं साबणाचं पाणी आणलं. उजवा निघाला, डावा हाडाशी अडकला. मग मीच काढला, रोज हातांची मापं घेते ना मी. मनगटावर पांढरे पट्टे राहिलेत, दोन्हीकडं. सराफानं कार्डाची झेरॉक्स मागितली. मी म्हटलं, दादा, आहे माझ्याकडे. सकाळीच काढून पर्समध्ये ठेवली होती. तो पायऱ्या उतरलासुद्धा. सराफानं पहिला गोठ कापला. आत काळी लाख. मला वाटलं नव्हतं एवढी असेल. आई बघत होती. दुसरा तिच्यासमोरच होता ट्रेमध्ये. ती म्हणाली, राहू दे. तेवढ्यात चहा आला आणि सगळ्यांना वाटलं, चहालाच म्हणाली. दादा दारात उभा होता. मी काही बोलले नाही. मी बोलणारी कोण? माझं घर लातूरला. मग दुसरापण कापला. दादानं दोनदा पैसे मोजले. दुसऱ्यांदा मोजताना मध्येच चुकला आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. दादा चुकत नाही गं मोजायला.’

आता दोन्ही शेजारी ठेवा. दत्ता म्हणतो, परत येईपर्यंत काम झालं होतं. शैलाच्या सांगण्यात तो दारात उभा आहे आणि दुसरा गोठ अख्खा आहे. हा एकच उघड विरोध. शैला म्हणते, मी काही बोलले नाही. दत्ताच्या सांगण्यात ती बोलली आहे, आणि जे बोलली ते तिनं मंदाला सांगितलेलं नाही. दत्तानं तो प्रश्न हिशेबाच्या ओघात, शेवटाकडं नेऊन ठेवला आहे, म्हणून तो व्यवहारी वाटतो. खरी जागा दुसरा गोठ कापण्याआधीची. तिथं ठेवून वाचला तर तोच प्रश्न आईच्या ‘राहू दे’ला दिलेला आधार असू शकतो, किंवा स्वतःसाठी केलेली विचारणा. दोन्ही खरं असू शकतं. शैलाला स्वतःलाही ते धड माहीत नाही, म्हणूनच ती ते वाक्य गाळते.

आणि मोजताना चुकणारा दादा! त्याला बघवलं नाही, हे तो कधी म्हणणार नाही. बहिणीनं ते पाहिलंय, पण तिला त्याचा अर्थ लावायचा नाही, कारण तिला त्याच्यावर रागवायचं आहे. लेखकानंही तो लावायचा नाही.

क्रियापदांकडे लक्ष द्या

दोन आवाज वेगळे करायचे म्हटलं की पहिला मोह बोलीचा होतो. एकाला प्रमाण भाषा, दुसऱ्याला गावरान. इथं ते उपयोगाचं नाही. एकाच घरात वाढलेली भावंडं साधारण सारखीच बोलतात, आणि बोली फार तर माणूस कुठला ते सांगते, कसा आहे ते नाही. खरा फरक क्रियापदात आणि सर्वनामात करता येतो, आणि त्यासाठी मराठीत भरपूर जागा आहे.

दत्ता म्हणतो ‘गोठ मोडले’. हा व्यवहाराचा शब्द, सराफाच्या दुकानातला. शैला म्हणते ‘गोठ गेले’. कोणी नेले, कोणी दिले, काही नाही, नुसते गेले, माणूस जावं तसे. याच जागी ‘मोडावे लागले’, ‘मोडून टाकले’, ‘मोडायला लावले’ असे प्रत्येकी वेगळा माणूस उभा करणारे पर्याय आहेत. ‘टाकले’मध्ये सुटका आहे, ‘लावले’मध्ये आरोप आहे. दत्ताच्या तोंडी ‘मोडावे लागले’ सहज आलं असतं, पण त्यात थोडी स्वतःची कीव येते आणि त्याच्या स्वभावात ती नाही.

तसंच ‘आपण’ आणि ‘आम्ही’. दत्ता मुलाला म्हणतो, ‘आपण रेट आधीच बघून ठेवला होता’. निखिल तिथं नव्हता, तरी बाप त्याला त्या व्यवहारात सामील करून घेतो. ओझं एकट्यानं वाहायला नको म्हणून. शैलाच्या सांगण्यात ‘आपण’ नाही आणि ‘आम्ही’ही नाही. आई, दादा, मी, असे तिघं सुटेसुटे आहेत. तुमच्या खर्ड्यातले सगळे ‘आपण’, ‘आम्ही’ आणि ‘मी’ एकदा अधोरेखित करून बघा. ते कुठं येतात आणि कुठून गायब होतात, यावरून तो माणूस स्वतःला कोणाच्या बाजूला उभं करतो ते दिसतं.

ताडून बघताना

दोन्ही निवेदनं कागदावर काढा आणि तीन रंगांनी खुणा करा. दोन्हीकडं सारखं आलेलं एका रंगात, दोन्हीकडं येऊन वेगळं झालेलं दुसऱ्या रंगात, फक्त एकाकडं आलेलं तिसऱ्या रंगात. चांगल्या जोडीत तिसरा रंग सगळ्यात जास्त दिसतो. वजन फक्त दत्ताकडं, साबणाचं पाणी आणि पांढरे पट्टे फक्त शैलाकडं. पहिला रंग थोडाच असावा, प्रसंग तोच आहे हे कळण्यापुरता. इथं अकरा वाजता दुकानात जाण्यापासूनचं सगळं परत सांगायची शैलाला गरज पडली नाही, म्हणून तिचं निवेदन थेट हातातून न निघणाऱ्या गोठांपासून सुरू होतं. वाचकाला आधीच माहीत असलेल्या गोष्टी दुसऱ्यांदा सांगताना कापाच. दुसरं निवेदन रेंगाळतं ते बहुतेक वेळा याच कारणानं.

दुसरा रंग जास्त दिसला तर समजा, तुम्ही खटला लिहिताय.

अजून एक दोष रंगांनी सापडत नाही. दुसरा निवेदक पहिल्याला दुरुस्त करायला लागतो. शैलाच्या एका खर्ड्यात ‘दादा सांगेल की काम झालं होतं, पण ते खोटं आहे’ असं वाक्य आलं होतं. दादानं निखिलला काय सांगितलं हे शैलाला कसं कळणार? ते लेखकाला माहीत आहे. अशा जागा शोधायची खात्रीची रीत म्हणजे दुसरं निवेदन एकटंच, पहिलं न वाचलेल्या माणसाला वाचायला देणं. त्याला ते पूर्ण वाटलं पाहिजे. ‘हे कशाला उत्तर देतेय?’ असा प्रश्न त्याला एखाद्या ओळीवर पडला, तर ती ओळ काढा.

क्रम

आधी कोणाचं? जो आकडे, क्रम आणि व्यवहार सांगतो, त्याचं आधी ठेवावं असं मला वाटतं. वाचकाला जमीन मिळते, आणि त्याचं सांगणं खरं मानूनच तो पुढं जातो. मग दुसरं निवेदन त्याच जमिनीवर हळूहळू तडे पाडतं. उलट केलं, शैला आधी आणि दत्ता नंतर, तर दत्ता पहिल्या वाक्यापासून आरोपी होतो आणि झेरॉक्सच्या दुकानांचा तपशील नुसती सबब वाटतो. त्यातली धडपड दिसत नाही. पण तुमच्या गोष्टीत आधी भावना आणि मग व्यवहार हवा असेल, म्हणजे आधी जवळ वाटलेल्या निवेदकाबद्दल नंतर शंका यावी असं हवं असेल, तर क्रम उलटा करा. इथं तसं केलं तर शैलाचं ‘मी काही बोलले नाही’ आधी येतं, आणि तिचा प्रश्न दत्ताच्या तोंडून नंतर आल्यावर जास्त जोरात लागतो. दोन्ही क्रम लिहून बघायला फार वेळ लागत नाही, कागद उलटसुलट ठेवून एकदा सलग वाचलं की कोणता हवा ते कळतं.

राहता राहिल्या आक्का. त्यांचंही निवेदन लिहावं असं मनात येतं, कारण ‘राहू दे’ कशाला म्हटलं हे त्यांनाच माहीत आहे. लिहू नका. तिसरं निवेदन आलं की ते निकालपत्र होतं आणि आधीची दोन्ही नुसत्या साक्षी उरतात. आक्का काय करतात एवढंच, तेही एकाच्या सांगण्यात, येऊ द्या: पैसे हातात घेतात आणि मुलाच्या हातात देतात. दत्ता ते पावतीच्या आधी सांगतो. शैला सांगतच नाही.